नाश्त्याच्या टेबलावर होणारी अनौपचारिक मुलाखत : काय मागवावे, काय बोलावे?

चिंचवडकर

नमस्कार. मी चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करतो. भोसरीतील एका लहान, पण वाढत्या कंपनीच्या मालकांनी एका परिचितामार्फत माझी माहिती मागवली. फोनवर थोडे बोलणे झाले आणि शेवटी ते म्हणाले, "शनिवारी सकाळी साडेआठला फर्ग्युसन रस्त्यावर नाश्त्याला भेटू. कागदपत्रे वगैरे काही आणू नका, नुसत्या गप्पा मारू." त्यांनी सांगितलेले हॉटेल असे आहे, की शनिवारी सकाळी तेथे बाहेर रांग असते आणि आत बसल्यावर शेजारच्या टेबलावरील बोलणे सहज ऐकू येते.

कार्यालयातील मुलाखतींची मला सवय आहे, ही पद्धत मात्र नवीन आहे. माझ्या अडचणी तीन आहेत. मी शनिवारचा उपवास करतो, आणि ते आग्रह करणार हे नक्की. ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, त्यामुळे बिलाच्या वेळी मी नेमके काय करावे हे समजत नाही. तिसरी अडचण अशी, की ज्या भेटीला ते गप्पा म्हणत आहेत, तिच्यात मुलाखत कोठे सुरू होते, हे कसे ओळखावे?

नवी_पेठ

शनिवारी सकाळी पाहुण्याला रांगेत उभे करणे योग्य दिसणार नाही. आपण पंधरा-वीस मिनिटे आधी जाऊन नाव नोंदवावे. बिल आपल्या कंपनीच्या नावाने घ्यायचे असेल, तर जीएसटी क्रमांक बिल तयार होण्यापूर्वीच काउंटरवर द्यावा, कारण नंतर बिल बदलून देण्यास हॉटेलवाले टाळाटाळ करतात. उमेदवाराला आधी मागवू द्यावे, म्हणजे तो संकोचणार नाही.

चिंचवडकर

आपला थोडा गैरसमज झाला आहे. बोलावणारे ते आहेत आणि उमेदवार मी आहे. आधी जाऊन नाव नोंदवण्याची सूचना मात्र मी उचलतो.

बाबुराव_भोसरी

माझे स्वतःचे वर्कशॉप आहे आणि मी माणसे अशीच निवडतो, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. आम्ही हॉटेलात बोलावतो याचे पहिले कारण गप्पा हे नसते. शॉपवर बोलावले, तर आमच्याच सुपरवायझरला कळते की त्याच्या डोक्यावर कोणीतरी येणार आहे, आणि चहावाल्यापासून फिटरपर्यंत सगळीकडे बातमी पसरते. दुसरे कारण असे, की केबिनमध्ये सगळेच पाठ केलेले बोलतात, तर नाश्त्याला माणूस मोकळा होतो. तो वेटरशी कसा वागतो, उशीर झाला तर चिडतो का, समोरच्याचे ऐकून घेतो का, हे मी पाहतो.

उपवासाचे म्हणाल, तर माझे स्पष्ट मत आहे की त्या दिवशी उपवास सोडावा किंवा दिवस बदलून मागावा. समोरचा माणूस खात नसेल, तर मला एकट्याला खाणे अवघड वाटते आणि बोलणे रंगत नाही. बिल द्यायचा प्रयत्नही करू नये. ते मालकच देणार.

पर्वतीपायथा

मी बरीच वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले आहे आणि अशा भेटी दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. बाबुरावांनी हॉटेल निवडण्याचे जे कारण दिले ते खरे आहे, पण उपवासाबद्दलचे त्यांचे मत मला अर्धेच पटते. यजमानाला अवघडल्यासारखे होते ते उमेदवार काहीच घेत नाही तेव्हा. त्याच्यासमोर काहीतरी आहे आणि तो ते सावकाश घेत आहे, एवढे दिसले की पुरते. त्यामुळे "मला काही नको" हे एक वाक्य टाळावे. त्याऐवजी मागवण्याची वेळ आली की शांतपणे म्हणावे, "आज शनिवार असल्यामुळे मी कॉफी घेईन, आपण अवश्य नाश्ता घ्यावा." त्या हॉटेलात साबुदाण्याची खिचडी मिळत असेल आणि ती आपल्याला चालत असेल, तर प्रश्नच मिटला. मात्र उपवास का करतो, कधीपासून करतो, शेंगदाण्याचे तेल चालते की नाही, ही चर्चा आपण सुरू करू नये. त्यांनी विचारलेच, तर एका वाक्यात उत्तर देऊन विषय कामाकडे न्यावा. दिवस बदलून मागणे शक्य आहे, पण तसे करायचे तर आजच, एका छोट्या संदेशाने करावे. शुक्रवारी रात्री बदल मागणे हे उपवासापेक्षा जास्त खटकेल.

ज्यांना उपवास नाही त्यांच्यासाठीही मागवण्याचा नियम सोपा आहे. पदार्थ असा असावा, की तो एका हाताने आणि लहान घासात खाता येतो, निवला तरी बिघडत नाही आणि यजमानाने मागवलेल्या पदार्थापेक्षा फार महाग नाही. इडली किंवा उत्तप्पा या कसोटीला उतरतात. मसाला डोसा हाताने खाण्यात पुण्यात कोणालाही वावगे वाटत नाही, परंतु बोटे तेलकट झाल्यावर समोरच्याने कागद पुढे केला की पंचाईत होते. मिसळ मात्र अशा दिवशी कटाक्षाने टाळावी, कारण तर्रीचा एक थेंब शर्टावर पडला की पुढची वीस मिनिटे दोघांचेही लक्ष त्याच डागाकडे जाते. "तुम्ही सांगाल ते" असे म्हणून निर्णय त्यांच्यावर टाकणे ही आपल्याकडची नम्रतेची जुनी रीत आहे, पण डिझाइनच्या जागेसाठी आलेला माणूस नाश्ताही ठरवू शकत नाही, असे चित्र निर्माण करण्यात अर्थ नाही. कार्ड हातात आल्यावर अर्ध्या मिनिटात ठरवावे आणि वेटरला एकदाच, स्पष्ट सांगावे.

खरी अडचण घास आणि उत्तर एकाच वेळी येण्याची असते. त्यावर माझा उपाय असा आहे, की यजमान खात असताना आपण मोठी उत्तरे द्यावीत आणि आपली बशी पुढे आली की आपण प्रश्न विचारावेत. "नवीन शेड कोणत्या कामासाठी घेतली?" असा एक प्रश्न विचारला, की कोणताही कारखानदार निदान पाच मिनिटे बोलतो, आणि तेवढ्यात आपले खाणे व्यवस्थित होते. आपण फक्त कॉफी घेणार असल्याने आपल्याला उलटी काळजी घ्यावी लागेल. त्यांचा डोसा येण्याआधीच कॉफी संपवून रिकामा पेला समोर ठेवून बसू नये. कॉफी त्यांच्या पदार्थाबरोबर आणायला सांगावी.

मुलाखत कोठे सुरू होते, याचे उत्तर असे आहे की ती रांगेतच सुरू होते. तेथे उभे असताना वाहतूक, पाऊस, मेट्रो यांवर बोलावे, परंतु आपल्या सध्याच्या साहेबांबद्दल किंवा कंपनीबद्दल तेथे एक शब्दही बोलू नये. आपल्या पुढे उभा असलेला माणूस कोणत्या कंपनीत आहे, हे आपल्याला माहीत नसते. चाकण, भोसरी, तळवडे येथे काम करणारी अर्धी मंडळी सुटीच्या सकाळी त्याच तीन-चार हॉटेलांत असतात. आत गेल्यावर भिंतीकडेचे टेबल मिळाले तर मागून घ्यावे.

शर्वरी_कोथरूड

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण विषयाला धरून आहे. एका कंपनीच्या संचालकांनी मला रात्री साडेआठला कोरेगाव पार्कमध्ये जेवायला बोलावले होते. मी उत्तर पाठवले, की संध्याकाळी साडेपाचला कॉफीवर भेटणे मला सोयीचे होईल, आणि त्यांनी काहीही खळखळ न करता ते मान्य केले. म्हणजे वेळ आणि जागा बदलून मागता येते, हे येथे नोंदवून ठेवते. भेटीत मात्र दुसऱ्याच मिनिटाला "लग्न झाले आहे का, मिस्टर काय करतात, मुलांचा विचार कधी?" असे प्रश्न आले. सूर अगदी घरगुती होता, त्यामुळे रागावणेही जड गेले. मी म्हणाले, "घरचे सगळे ठीक आहे. या जागेसाठी प्रवास किती करावा लागेल हे आपण सांगितलेत, तर मला जमेल की नाही हे मी लगेच सांगू शकेन." पुढे ते कामावर आले.

तळजाई

शर्वरीताई, असे प्रश्न विचारणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. तुम्ही तेथेच त्यांना कायदा दाखवायला हवा होता.

पर्वतीपायथा

तळजाई, भावना बरोबर आहे, कायदा मात्र नेमका तसा नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने समान कामासाठी भरती करताना स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही लिंगावरून असा भेदभाव न करण्याची तरतूद आहे. परंतु खासगी मालकाने लग्नाबद्दल नुसता प्रश्न विचारणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कलम त्यांत नाही. त्या उत्तरावरून नोकरी नाकारली, तर मुद्दा उभा राहतो, आणि तो सिद्ध करणे कठीण असते. म्हणून शर्वरी यांनी केले ते मला जास्त उपयोगी वाटते. प्रश्नामागची कामाची शंका, म्हणजे प्रवास, रात्रपाळी किंवा उशिरापर्यंत थांबणे, ही त्यांनी नेमकी ओळखली आणि तेवढ्याच भागाला उत्तर दिले.

चिंचवडकरांनाही याचा दुसरा अवतार भेटेल. "मूळ गाव कोणते? आडनाव तिकडचेच का?" हा पुण्यातील चहाबरोबर येणारा नेहमीचा प्रश्न आहे. गावाचे नाव सांगावे, त्यापुढे जात आणि नातेवाईक यांच्यात शिरू नये, आणि आपणही त्यांना तसे विचारू नये. ओळखीची माणसे निघाली की मोकळेपणा वाढतो हे खरे, पण मग पंचवीस मिनिटे मामेभावाबद्दल बोलण्यात जातात आणि आपण काय काम करतो, हे सांगायचे राहून जाते.

चिंचवडकर

सर्वांचे आभार. आणखी दोन शंका आहेत. माझे सध्याचे काम एका ग्राहकाच्या अद्याप बाजारात न आलेल्या मॉडेलसाठी आहे. "सध्या काय करता?" या प्रश्नाला मी काय सांगू? आणि पगाराचा आकडा भर हॉटेलात विचारला तर?

पर्वतीपायथा

पहिली शंका फार महत्त्वाची आहे, कारण कार्यालयात जीभ सांभाळणारी माणसे चहाच्या टेबलावर सैल सुटतात. आपल्या उत्तरातून तीन गोष्टी वगळाव्यात : ग्राहकाचे नाव, मॉडेल किंवा त्याच्या बाजारात येण्याची वेळ, आणि ज्यावरून भाग ओळखता येईल असे माप अथवा किंमत. तरीही सांगण्यासारखे भरपूर उरते. उदाहरणार्थ, "अमुक कंपनीच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा ट्रे मी करतो आहे" असे म्हणण्याऐवजी असे सांगता येईल : "ॲल्युमिनियमच्या एका ओतीव भागाला कंपन-चाचणीत बोल्टच्या छिद्राजवळ भेगा पडत होत्या. आम्ही आधी जाडी वाढवली, पण वजन वाढले आणि भेगा थोड्या पुढे सरकल्या. मग छिद्राभोवतीची गोलाई वाढवली, बोल्टची जागा बदलली, आणि भाग चाचणीत टिकला." यात आपण प्रश्न कसा सोडवता हे कळते आणि कोणाचेही गुपित फुटत नाही.

अभियंत्यांसाठी एक सापळा वेगळा असतो, तो म्हणजे टिश्यू पेपर. बोलता बोलता समोरचे पेन आणि टिश्यू पुढे करतात आणि म्हणतात, "जरा काढून दाखवा." हात आपोआप आपल्याच कारखान्यातील भाग काढू लागतो. अशा वेळी साधा एल आकाराचा ब्रॅकेट काढून त्याच्यावर मुद्दा समजावावा, आणि उठताना तो टिश्यू आपल्या खिशात घालावा. फोन टेबलावर पालथाही ठेवू नये, पिशवीत ठेवावा, कारण सध्याच्या कंपनीच्या गटातील संदेश नेमके त्याच वेळी झळकतात.

पगाराबद्दल मी असे म्हणेन, की शेजारी माणसे असतील तर आकडा बोलू नये. "मी घरी पोहोचताच सध्याचा आकडा आणि अपेक्षा आपल्याला लिहून पाठवतो" हे पुरेसे आहे. नोटिसीचा काळ मात्र तेथेच खरा सांगावा. पत्रात तीन महिने लिहिले असतील, तर "बघू, लवकर सुटेन" असे म्हणू नये.

बाबुराव_भोसरी

पगाराबाबत मी सहमत नाही. मोठ्या कंपनीत लिहून पाठवणे चालते, पण आमच्यासारख्या लहान मालकाला तोंडावर आकडा न सांगणारा माणूस आतल्या गाठीचा वाटतो. मी समोर बसून विचारले आणि उत्तर मेलवर आले, तर मला वाटते की हा दुसरीकडे भाव काढून येणार. हळू आवाजात सांगावे, पण सांगावे.

पर्वतीपायथा

आपण दोघे उमेदवार भाव काढतो याच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहत आहोत. नाश्त्याच्या ओघात घाईने सांगितलेला आकडा पुढे वाढवता येत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे, आणि तो उमेदवाराचा तोटा असतो. तरीही समोरची व्यक्ती बाबुरावांसारखी असेल, तर मर्यादा सांगावी, म्हणजे "अमुक ते तमुक यांच्या दरम्यान" असे म्हणावे. कोणती पद्धत घ्यावी, हे चिंचवडकरांनी माणूस पाहून ठरवावे.

तळजाई

बिलाचा मुद्दा राहिला. मी तर दर वेळी स्वतःच क्यूआर स्कॅन करून मोकळा होतो. त्याने छाप पडते.

पर्वतीपायथा

मुलाखतीत ती छाप चुकीची पडते. ज्याने बोलावले, त्याने द्यायचे, हा येथे साधा व्यवहार आहे. बिल आल्यावर एकदा "मी देऊ का?" असे म्हणणे आपल्या रीतीला धरून आहे. त्यांनी नको म्हटल्यावर "धन्यवाद" म्हणून थांबावे. वडीलधाऱ्या माणसाबरोबर काउंटरपर्यंत ओढाताण करणे, किंवा हात धुण्याच्या निमित्ताने उठून गुपचूप पैसे भरून येणे, हे घरच्या समारंभात शोभते. मुलाखतीत मात्र त्यातून असे दिसते, की आपण त्यांचा यजमानपणा मान्य केला नाही. याउलट ते "जरा तुम्हीच देऊन टाका" असे म्हणाले, तर चहापुरते द्यावे आणि मनात नोंद करावी. भेटीपूर्वी नोंदणी किंवा प्रशिक्षण यासाठी पैसे मागितले, तर मात्र जाऊच नये.

शर्वरी_कोथरूड

एक व्यावहारिक सूचना करते. फर्ग्युसन रस्ता एकदिशा आहे आणि शनिवारी गाडी लावण्यास जागा मिळणे अवघड असते. चिंचवडकडून मेट्रोने येऊन जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली, तर डेक्कन जिमखाना स्थानकावर उतरून चालत येता येते. घामाघूम होऊन, पार्किंग शोधत पोहोचण्यापेक्षा ते बरे.

चिंचवडकर

आज भेट झाली. मी मेट्रोने जाऊन आधी नाव नोंदवले होते, त्यामुळे ते आले तेव्हा आमचा क्रमांक जवळ आला होता. उपवासाचे वाक्य पर्वतीपायथा यांनी येथे लिहिले होते तसेच मी म्हटले. ते हसले, म्हणाले, "माझ्या मिसेसचाही असतो," आणि स्वतःसाठी उत्तप्पा मागवून माझी कॉफी त्याबरोबरच आणायला सांगितली. टेबल दाराजवळचे मिळाले आणि शेजारी महाविद्यालयातील मुले होती, त्यामुळे ऐकले जाण्याची फारशी भीती वाटली नाही.

टिश्यू पेपरचा प्रसंग खरोखर आला. त्यांना त्यांच्याकडील एका वेल्डिंगच्या जोडाबद्दल विचारायचे होते, आणि त्यांनी स्वतःच पेन काढून त्यावर आकृती काढली. भाग त्यांचाच असल्यामुळे मी मोकळेपणाने बोललो. जोडाची जागा भार येतो त्या वाकापासून दूर न्यावी, असे मी सुचवले आणि तसे करायचे तर जिग बदलावा लागेल, हेही सांगितले. जिगचा खर्च ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. टिश्यू त्यांनी खिशात ठेवला. सध्याच्या कामाबद्दल त्यांनी दोनदा ग्राहकाचे नाव विचारले. दुसऱ्या वेळी मी म्हटले, "आपल्याकडे आलो, तर आपल्या ग्राहकांबद्दलही मी असेच गप्प राहीन." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

पगाराचा प्रश्न त्यांनी हॉटेलात विचारलाच नाही. तो बाहेर पडताना, पदपथावर विचारला. मी मर्यादा सांगितली. त्यावर ते फक्त "हं" म्हणाले, त्यामुळे बाबुराव बरोबर की पर्वतीपायथा, हे मला अजून सांगता येत नाही. बिल त्यांनी दिले. पुढच्या आठवड्यात शॉप पाहायला या, असे त्यांनी सांगितले आहे. आता मी आज काही लिहून पाठवावे का, की त्यांच्या फोनची वाट पाहावी?

बाबुराव_भोसरी

वाट पाहा. शॉपवर बोलावले आहे, म्हणजे काम अर्धे झाले. जिगचा खर्च ऐकून गप्प राहिले याचा अर्थ ते हिशेब करत होते. मीही तसाच करतो.

पर्वतीपायथा

वाट पाहावीच, पण आज संध्याकाळपर्यंत चार ओळींचा संदेश जरूर पाठवावा. त्यात भेटीबद्दल आभार मानावेत, वेल्डिंगच्या जोडाबद्दल घरी आल्यावर आणखी काही सुचले असेल तर ते एका वाक्यात लिहावे, नोटिसीच्या काळाचा पुनरुच्चार करावा आणि शॉप पाहण्यासाठी सोयीचे दोन दिवस कळवावेत. पदपथावर सांगितलेली पगाराची मर्यादाही त्यात लिहून ठेवावी, कारण रहदारीच्या आवाजात त्यांनी कोणता आकडा ऐकला, हे आपल्याला माहीत नाही.